पांढऱ्या कागदाचा पुरावा

शाळेत तिला सगळे लिटमस बाई म्हणत. तोंडावर नुसतं ‘बाई’, पाठ फिरली की ‘लिटमस’. तिला ते ठाऊक होतं आणि त्याचा रागही नव्हता. बावीस वर्षं पोरांच्या हातात रंग बदलणाऱ्या पट्ट्या देणाऱ्या बाईला याहून वेगळं कोण काय म्हणणार?

राग होता तो फोटोंचा.

शाळेने वर्षाला पीएच पट्ट्यांचं एकच पाकीट मंजूर केलं होतं आणि पोरं बेचाळीस. म्हणून बाईने सहा टेबलं केली आणि प्रत्येक टेबलाला नंबर घातलेली एकेक बाटली दिली. आत काय आहे ते फक्त तिला माहीत. लिंबाचा रस, सोडा, शहाळ्याचं पाणी, बटाटे उकडलेलं पाणी, नळाचं पाणी, साबणाचं पाणी. पट्टी बुडवायची, काढायची, पांढऱ्या कार्डावर ठेवायची आणि अर्ध्या मिनिटाच्या आत फोटो काढायचा, कारण पट्टी वाळत गेली की तिचा रंग भरवशाचा राहत नाही. मग सहा फोटो शेजारी शेजारी मांडून सगळ्यांत आम्ल कोण ते सगळ्यांत कमी आम्ल कोण, अशी रांग लावायची. लालसर पट्टी पुढे, मग नारिंगी, पिवळी, हिरवी, आणि निळी शेवटी. ऐकायला सोपं.

पण प्रयोगशाळेत दोन टेबलं खिडकीशी होती, दोन मध्ये पांढऱ्या ट्यूबखाली आणि मागची दोन एका जुनाट पिवळ्या बल्बखाली. तो बल्ब काढून ट्यूब लावा म्हणून बाईने कार्यालयाला तीन अर्ज दिले होते. तिन्ही अर्जांना ‘बघू’ असं उत्तर आलं. त्यामुळे नळाचं पाणी खिडकीत हिरवं दिसायचं आणि तेच मागच्या टेबलावर पिवळट, म्हणजे उगाच आम्ल. उजेड सोंगं आणतो आणि मार्क पोरांचे जातात.

यावर बाईने उपाय काढला होता आणि तिला त्याचा अभिमानही होता. ते पांढरं कार्ड त्यासाठीच. फोटो कॉम्प्युटरवर उघडायचा, कार्डावर टिचकी मारायची. तिथले लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे दिसतात. पांढऱ्याचे तिन्ही सारखे यायला हवेत. पिवळ्या बल्बखाली निळा कमी भरतो, मग सगळ्या फोटोतला निळा तेवढ्या पटीने वाढवायचा. कार्ड पांढरं झालं की उजेडाची लबाडी निघून गेली, आता पट्टीचा खरा रंग उरला. मुख्याध्यापकांना ही युक्ती इतकी आवडली की त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्याला ती सांगायला सुरुवात केली, जणू त्यांनाच सुचली होती.

आणि नेमक्या याच प्रयोगात एका मुलीने घोळ घातला. निदान बाईला तेव्हा तसं वाटलं.

वर्गात तिचं नाव ‘शंका’ पडलं होतं. तिचा हात सतत वर. ती चौथ्या नंबरच्या बाटलीच्या टेबलाची, मागच्या पिवळ्या बल्बखालची. तिच्या वहीत तिने लिहिलं, चौथ्या बाटलीतलं द्रव पाचव्यापेक्षा जास्त आम्ल. दुरुस्त केलेले फोटो उलट सांगत होते: चौथी पट्टी पिवळ्यातही हिरव्याकडे झुकलेली, पाचवी चक्क नारिंगीच्या जवळ.

“हे कुठून आणलंस?” बाईने भर वर्गात विचारलं.

“बाई, मी बघितलं. आमची पट्टी घेऊन पाचव्या टेबलावर गेले आणि त्यांच्या पट्टीशेजारी धरली. आमची जास्त नारिंगी होती.”

“जागा सोडायची नाही असं सांगितलं होतं ना? आणि एवढी नारिंगी होती तर फोटोत कुठे गेली? फोटोला काय तुझ्याशी वैर आहे? मनचं लिहायचं असेल तर निबंधाच्या वहीत लिही.”

वर्ग हसला. मुलगी खाली बसली. बाईने प्रात्यक्षिकाच्या दहापैकी शून्य दिलं, जागा सोडली म्हणून आणि मनचं लिहिलं म्हणून. त्या शून्याने मुलगी विज्ञानात चौपन्नावर थांबली. पुढच्या वर्षी विज्ञानाच्या तुकडीत बसायला साठ लागत होते आणि ती यादी सोमवारी दुपारी बारा वाजता बंद होणार होती. बाईला हे माहीत होतं. शिस्त म्हणजे शिस्त, असं म्हणून तिने वही मिटली.

तरी शनिवारभर तिची चिडचिड होत राहिली. आपण चूक आहोत अशी शंका आल्यावर माणूस आधी दुसऱ्यावरच चिडतो, आणि बाई त्याला अपवाद नव्हती. रिक्षावाल्यावर चिडली, दूधवाल्यावर चिडली, रविवारी सकाळी कॉम्प्युटर हळू चालतो म्हणून त्यावर चिडली.

घरी ती आणि तिची थोरली बहीण, दोघीच. ताई शिवणकाम करायची. जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग ताईच्या कापडांचा, अर्धा बाईच्या वह्यांचा, आणि सीमेवरून रोज भांडण.

“काय गं, सकाळपासून त्या पट्ट्यांकडे डोळे वटारून बसलीयेस?” ताईने विचारलं.

बाईने सगळं सांगितलं, कार्डाच्या युक्तीसकट. शंकेची तक्रारही केली.

“मग पोरीने बरोबरच केलं की. मी धागा कापडाला लावते तेव्हा दोन्ही एकाच उजेडात धरते, दारात नेऊन.”

“ताई, उजेडाचा हिशोब मी कार्डावरून केलाय.”

“आणि ते कार्ड पांढरं आहे हे कोणावरून ठरवलंस?”

“पांढरं म्हणजे पांढरं! त्यात काय ठरवायचं?”

“गिऱ्हाईकं पण असंच म्हणतात,” ताई सुईत दोरा ओवत म्हणाली, “आणि पांढऱ्या शर्टाला पांढरं ठिगळ लावलं की बोंबलत परत येतात. पांढऱ्यात सतरा पांढरे असतात, बाईसाहेब.”

बाईने तोंड वाकडं केलं. शिंपीणबाईने आता विज्ञान शिकवावं, एवढंच बाकी राहिलं होतं. पण ती परत फोटोकडे वळली ती मान खाली घालूनच.

चौथ्या टेबलाच्या फोटोत, कोपऱ्यात, चिनीमातीची बशी अर्धी आली होती. पाचव्याच्या फोटोतही तशीच बशी होती. सगळ्या बशा एकाच डझनातल्या, बाईने स्वतः आणलेल्या. तिने पाचव्या फोटोत बशीच्या चकाकी नसलेल्या कडेवर टिचकी मारली. तिन्ही आकडे जवळपास सारखे. मग चौथ्या फोटोत मारली. निळा भलताच वर, लाल खाली. नीट बघितलं तर बशी आभाळासारखी निळसर दिसत होती.

बशी काही निळी नव्हती. मग कार्ड पांढरं नव्हतं.

आणि तिला आठवलं. नवीन कागदाची पाच कार्डं कापून झाल्यावर कागद संपला होता. सहाव्या कार्डासाठी तिने कपाटातली जुनी उत्तरपत्रिका ओढली होती आणि तिच्या कोऱ्या पाठीचं कार्ड कापलं होतं. वर्षानुवर्षं कपाटात पडून पिवळट-तपकिरी झालेला कागद. तेच कार्ड चौथ्या टेबलावर गेलं होतं. पिवळ्या बल्बखाली सगळंच पिवळं दिसत असल्यामुळे तो कोणाच्या डोळ्यांवर आला नाही. तिने त्या मळक्या कार्डाला जबरदस्तीने पांढरं केलं, त्यासाठी फोटोतला निळा आणि हिरवा नको तितका वाढवला, आणि त्यापायी नारिंगीकडे झुकलेली पट्टी हिरव्याकडे ढकलली गेली. उजेडाची लबाडी काढता काढता तिने आपली स्वतःची घातली होती.

तिने बशीला पांढरं धरून फोटो पुन्हा दुरुस्त केला. चौथी पट्टी पाचवीच्या पुढे गेली, नारिंगीकडे. मुलीने लिहिलं होतं अगदी तसंच.

“दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं...” ताई सुरू झाली.

“पुढचं मुसळ मला पाठ आहे,” बाई ओरडली आणि स्वतःचीच लाज वाटून स्वयंपाकघरात निघून गेली. तिथे जाऊन तिने विनाकारण तीन भांडी घासली. पोरीने एकाच उजेडात दोन पट्ट्या शेजारी धरल्या होत्या, आणि आपण त्याला जागा सोडणं म्हणालो. सगळ्या वर्गात सगळ्यांत बरोबर पद्धत तिचीच होती. आणि सगळ्या वर्गासमोर हसू झालं तेही तिचंच.

सोमवारी ती पहिल्या घंटेआधी प्रयोगशाळेत पोचली. येताना चौथ्या बाटलीसाठी नवीन शहाळं आणि पाचवीसाठी घरून बटाट्याचं पाणी आणलं होतं. फोटोवरचा तिचा विश्वास उडाला होता, बशीवरचाही पुरता बसला नव्हता. दोन पट्ट्या खिडकीत, एकाच बशीवर, एकाच वेळी भिजवल्या. शहाळ्याची नारिंगीकडे, बटाट्याची साधी पिवळी. झालं.

मग कार्यालय. कारकुनाने यादीवर हात ठेवला.

“बाई, मार्क शुक्रवारी तुम्हीच सही करून दिलेत. आता बदलायचे तर मुख्याध्यापकांची सही लागेल, आणि कारण लिहून द्यावं लागेल.”

“द्या कागद.”

“काय कारण लिहू?”

“मी लिहिते.” तिने लिहिलं, ‘शिक्षिकेची चूक.’ कारकुनाने ते दोनदा वाचलं. एवढ्या वर्षांत त्याने असं कारण पाहिलं नसावं.

मुख्याध्यापक मात्र तापले. “अहो, मी ती रांग दर्शनी फलकावर लावलीय! पालक बघून गेले!”

“मग काढा आणि बरोबर लावा. फलक खिळ्यावर आहे, दगडावर नाही.”

ते पुटपुटले, चष्मा शोधला, पेन शोधलं, आणि पावणेबाराला सही केली. चौपन्नाचे त्रेसष्ट झाले. बाईला वाटलं, सुटले.

मधल्या सुट्टीत तिने शंकेला प्रयोगशाळेत बोलावलं. वही घेऊन ये म्हणाली, म्हणजे त्या शून्यावर काट मारून पोरीच्या देखत नऊ लिहिता येतील. मुलगी आली, वही दोन्ही हातांनी पुढे केली आणि दाराशीच उभी राहिली.

बाईने पान उघडलं. शून्य तसंच होतं. पण रांग तशी नव्हती. चार आणि पाच खोडरबराने इतके घासून पुसले होते की तिथे कागद विरला होता, आणि वर ठळक अक्षरात फलकावरची रांग उतरवली होती. खाली एक नवी ओळ होती: ‘माझे निरीक्षण चुकले होते.’

“हे का बदललंस?” बाईचा आवाज चढला, आणि तिलाच कळेना की आपण कोणावर चिडलोय. “तुझं बरोबर होतं. कळतंय का? कार्ड मळकं होतं. चूक माझी होती, सगळी माझी. मी उद्या वर्गासमोर सांगणार आहे.”

“हो बाई.”

“नुसतं हो काय! इकडे ये.” तिने दोन नव्या पट्ट्या काढल्या, दोन्ही बाटल्यांत बुडवल्या, खिडकीतल्या बशीवर शेजारी शेजारी ठेवल्या. एक नारिंगीकडे गेली, एक पिवळी राहिली. आंधळ्यालाही दिसावं इतकं स्पष्ट. “बघ आणि सांग. यातलं जास्त आम्ल कोणतं?”

मुलीने पट्ट्यांकडे बघितलंच नाही. ती बाईच्या तोंडाकडे बघत राहिली, नीट, डोळे बारीक करून.

“तुम्हाला कोणतं वाटतंय, बाई?” तिने हळूच विचारलं.