समासातली पेन्सिल

वडूजच्या शिकवणीत दहावीला आम्ही दोघी गणित शिकवायचो. एका मुलीने ग्रुपवर पुस्तकातल्या गणिताचा फोटो टाकला, विचारलं काहीच नाही. x² − 5x + 6 = 0. मी लगेच सगळं सोडवून पाठवलं: 2 आणि 3.

“उत्तर मागं छापलंय, मॅडम,” तिने लिहिलं.

मग दुसऱ्या मॅडमचा मेसेज आला. “(x − 2)(x − 3) = 0 पर्यंत तुझं बरोबर हाय गं. आता सांग, x − 2 शून्य कवा व्हईल?”

“x 2 असला की. मी −2 लिवलं व्हतं.”

मी फोटो मोठा केला. समासात पुसट पेन्सिलीने तिने स्वतः सोडवून पाहिलेलं होतं, शेवटी −2. दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन माझ्या टेबलाजवळून पुढे, दुसऱ्या मॅडमकडे गेली. त्यांच्या नजरेचा मला हेवा वाटला, आणि त्या सहज आलेल्या ‘गं’चा त्याहून जास्त.