रेहानाच्या आईचं वाक्य

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, नमाजनंतर हात उचलले तेव्हाही स्पष्ट शब्दांत नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखत असाल, तर चंद्रपुरात अरबी शिकवणारी कडक बाई एवढंच ओळखता.

बावीस वर्षं शिकवते आहे. भाषेची पहिली चार-पाच वर्षं झालेल्या मुली माझ्याकडे येतात, आणि मी त्यांना शब्दांचे अलंकार शिकवते. तिबाक़ म्हणजे विरुद्ध अर्थाचे शब्द समोरासमोर उभे करणं. जिनास म्हणजे सारखे वाजणारे, पण अर्थाने वेगळे शब्द जवळ आणणं. आणि सज्अ — गद्यातल्या वाक्यांचे शेवट जुळवणं. प्रत्येकाचे पोटप्रकार मला तोंडपाठ आहेत. झोपेतून उठवून विचारा.

पण लिहिता येत नाही. एक वाक्यसुद्धा नाही, ज्याने कोणी मान वर करावी. हे कोणाला कधी कळलं का? शिकवणाऱ्याला कोण विचारतं!

मग रेहाना आली. धानोऱ्याची. तिची आई बाजारात शिलाई मशीन घेऊन बसायची, आणि पोरगी इथे नातेवाइकांकडे राहून शिकत होती. बोली पक्की तिकडच्या झाडीपट्टीतली. पहिल्याच महिन्यात, एप्रिलच्या दुपारी, कूलर बंद पडलेला, मी म्हटलं, एका अक्षराचा फरक असलेला जिनास करून दाखवा. बाकीच्या मुली पुस्तकात बघायला लागल्या. ही घाम पुसत म्हणाली, "सैफ़ुना सैफ़."

आपला उन्हाळा म्हणजे तलवार. उन्हाळ्यातला स जाड, जीभ मागे ओढून म्हणायचा, तलवारीतला पातळ. बाकी दोन्ही शब्द एकच. दोन शब्दांत आमचं अख्खं गाव आलं — आणि तिने ते सहज म्हटलं, जसं कोणी पाणी मागावं.

वर्ग हसला. मीही हसले. कसं हसले ते माझं मला माहीत.

त्या दिवशी आमचे म्हातारे मौलाना साहेब मागे बसले होते. मी त्यांचीच विद्यार्थिनी. वर्ग सुटल्यावर मला म्हणाले, "जुबैदा, तू बहुत अच्छी शिकवते. पन ही लिहिते."

एवढंच. वाईट काय होतं त्यात? काहीच नाही. म्हणूनच ते मला इतकं लागलं.

पुढच्या वर्षी हैदराबादच्या एका मोठ्या संस्थेत पुढच्या शिक्षणासाठी आमच्या भागातून एकीला जागा होती. राहणं-खाणं त्यांचं. निवड एका अरबी लेखावर. रेहानाने लेख लिहिला आणि सगळ्यात आधी माझ्याकडे आणला.

"बाजी, तुम्ही पाहून द्या. मले काही भरोसा नाई वाटून राह्यला."

मी वाचला. तिच्या गावाबद्दल होता. एका ठिकाणी होतं: अल्-ग़ाबतु फ़िस्सैफ़ि आरियह्, व फ़िल्-मतरि कासियह् — जंगल उन्हाळ्यात उघडं, पावसात नेसलेलं. उघडं आणि नेसलेलं हा तिबाक़. आरियह्, कासियह् — दोन्ही शब्द एकाच साच्याचे, आणि वाक्याशेवटी थांबून म्हटले की शेवट तंतोतंत जुळतात. इथवर ठीक, चांगली विद्यार्थिनी हे करू शकते. पण पुढचं वाक्य आईचं होतं. कानत उम्मी क़लीलतल्-कलाम, कसीरतल्-अमल. माझी आई बोलायची थोडं, काम करायची फार.

थोडं आणि फार — तिबाक़ आहे. दोन्ही तुकडे सारख्या मापाचे आहेत. आणि कलामच्या पुढे अमल. जुळत नाही. आधीची वाक्यं जुळत जुळत येतात, कानाला सवय लागते, आणि आईपाशी येऊन मुद्दाम तुटतात. तिथे वाचणारा थांबतो. तिथे ती बाई मशीनवर दिसते.

मला हे कळलं. एका क्षणात कळलं. हीच तर माझी लायकी होती — कळण्याची.

आणि मी काय केलं? लाल पेन घेतलं. म्हटलं, "इथे सज्अ मोडला. परीक्षक याच जागी गुण कापतील. अमल काढ, अहलाम घाल."

अहलाम म्हणजे स्वप्नं. कलाम, अहलाम — जुळलं. बोलायची थोडं, स्वप्नं फार.

रेहाना कागदाकडे बघत राहिली. "पन बाजी, आई कुठी स्वप्न पाहाते? तिले झोपाले तरी टाइम भेटते का?"

"लेखात चालतं," मी म्हटलं. "आणि हे बघ, अलंकार कमी आहेत. प्रत्येक ओळीत एक तरी जिनास हवा. शेवट सगळे जुळव."

आठच दिवस आधी त्याच वर्गात, त्याच फळ्यावर, मी शिकवलं होतं की अर्थ शब्दाला बोलावतो तेव्हा अलंकार होतो. शब्द अर्थाला ओढत नेतो तेव्हा ओढाताण होते, आणि जाणकार लेखातली पहिली खोट हीच धरतो. रेहानाने ते वहीत उतरवून घेतलं होतं. तरी तिने माझं ऐकलं. का ऐकलं? मी तिची बाजी होते, मोठ्या बहिणीच्या जागी, म्हणून.

चार दिवसांनी ती नवा लेख घेऊन आली. झुंबर लावलेली झोपडी. मी म्हटलं, छान.

इथे थांबले असते तर स्वतःला समजावता आलं असतं — सल्ला चुकला, माणूस चुकतं. थांबले नाही.

महिनाभराने हैदराबादहून त्या संस्थेच्या बाईंचा फोन आला. आवाज वयस्क, शांत. म्हणाल्या, लेख फार नटवलेला आहे, पण मधूनच एखादं वाक्य जिवंत वाटतं. या मुलीचं आधीचं काही लिखाण असेल तर पाठवता का? एखादा कच्चा कागदही चालेल. आम्ही पुन्हा विचार करू.

नव्या लेखासोबत तिने परत दिलेला पहिला लेख माझ्याच टेबलावर होता, माझ्या लाल खुणांसकट. फोन उजव्या हातात. डावा हात त्या कागदावर. फोटो काढून पाठवायला अर्धं मिनिट लागलं असतं.

मी म्हटलं, "नाही. ती असंच लिहिते."

जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. रेहाना मला सांगायला आली, तीही हसतच. "जाऊ द्या बाजी. तुम्ही एवढं शिकवलं, मलेच नाई जमलं." मी तिला चहा दिला. त्याच महिन्यात ती धानोऱ्याला परत गेली. आता आईच्या मशीनवर ती बसते. अरबीत काही लिहितेस का, असं मी फोनवर एकदा विचारलं. "कायले?" म्हणाली. मला बरं वाटलं. हो — वाईट नाही, बरं वाटलं. हेही लिहून ठेवते.

ओढाताणीचा धडा मी दर वर्षी शिकवते. उदाहरण लागतं. मी फळ्यावर लिहिते: क़लीलतल्-कलाम, कसीरतल्-अहलाम. सांगते, बघा, शेवट जुळवण्यासाठी खरी बाई खोटी केली. मुली उतरवून घेतात. उदाहरण चांगलं आहे, पटकन कळतं.

यंदा एकीने विचारलं, "मॅडम, हे कोनं लिहिलं?"

मी म्हटलं, "होती एक विद्यार्थिनी."

तो शब्द मी लिहिला होता.