फोनच्या पाठीवरचा आकडा

टॉवरवर सव्वीस वर्षं काढलेल्या त्या माणसाला सगळे पक्कड म्हणत. हातात धरलेलं काम तो पुरं झाल्याशिवाय सोडत नसे, म्हणून. बोल्ट आवळला की त्यावर रंगाची एक रेघ ओढायची, ही त्याची जुनी सवय. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट सरकला हे खालूनही कळतं. बायको म्हणायची, "मलाही ओढून ठेवा एक रेघ. नाहीतर मी हलले तरी तुमच्या लक्षात यायचं नाही."

त्या दिवशी दुपारी चार वाजता तो हार्नेस बांधून टॉवरच्या पायाशी उभा होता. वर चढायचं की नाही, हे अजून ठरत नव्हतं.

काम सकाळीच झालं होतं. टॉवरवर जुना बँड, म्हणजे लहरींचा पट्टा, होता. तो लांबवर पोचायचा, पण अरुंद. पक्कडने तीन दिशांना नव्या बँडचे अँटेना बसवले. हा रुंद, पण जवळच पोचणारा. दोन्ही बँड एकाच फोनला एकाच वेळी मिळाले की वेगांची जवळपास बेरीज होते. याला कॅरिअर ॲग्रिगेशन म्हणतात. खाली गाडीत टेस्टरबाई लॅपटॉपला फोन जोडून बसल्या होत्या. डाउनलोडच्या वेगाचा आकडा एकशेवीस एमबीपीएसच्या वर जायला हवा होता. तो ब्याण्णवला अडला होता.

"केबल उलटी लागलीय, दुसरं काय," साइट इन्चार्ज म्हणाला. "माझ्या फोनवर तर त्याहून कमी. दोन-दोन फोन खोटं बोलतात का?"

पक्कडने मान वर करून टॉवरच्या टोकाकडे पाहिलं. गेल्या वर्षी त्याने खरोखरच एका दिशेची केबल दुसऱ्या दिशेला लावली होती. तेव्हा लेखी समज मिळाली. पुन्हा तसं झालं तर उंचीवर चढायचा पास जमा करायचा आणि निवृत्तीपर्यंत गोदामात बसायचं. गोदामात त्याने एकदा दोन आठवडे काढले होते. तिथे छत होतं, पंखा होता, आणि रात्री घरी त्याला झोप लागत नव्हती.

"चढ आणि बदल," इन्चार्ज म्हणाला. "पाचला परवानगी संपते. वारा आत्ता तरी मर्यादेत आहे."

"मर्यादेच्या काठावर आहे," पक्कड म्हणाला. "चढतो. पण काय बदलायचं ते सांगा. उगाच बरोबर असलेलं उलटं करणार नाही."

"तुला खात्री आहे, बरोबर आहे म्हणून?"

इथे तो अडखळला. लाल पट्टीची केबल पहिल्या दिशेला, निळी दुसऱ्या. त्याने सकाळी दोनदा मोजलं होतं. गेल्या वर्षीही मोजलंच होतं.

तो गाडीच्या दाराशी गेला. "बाई, केबल उलटी असेल तर इथे काय दिसेल?"

"नवा बँड भलत्याच दिशेला जाईल. इथे जुना जोरदार आणि नवा मेल्यासारखा दिसेल."

"मग एकेक तपासा."

बाईंनी फोन आधी फक्त जुन्या बँडवर बांधला. अडतीस. मग फक्त नव्यावर. ब्याण्णव, आणि सेलचा, म्हणजे टॉवरच्या बाजूचा, नंबर याच दिशेचा. ऑफिसने दोन्ही जोडायची सेटिंग चालू केली होती, तेही त्यांनी पुन्हा पाहिलं. मग फोन मोकळा सोडला. पुन्हा ब्याण्णव.

"अडतीस आणि ब्याण्णव मिळून ब्याण्णव," इन्चार्ज म्हणाला. "वा, शाळेत घाला याला."

"म्हणजे माझं वरचं काम धड आहे," पक्कड सावकाश म्हणाला. "दोन्ही इथवर पोचतात. फोन एकालाच धरतोय."

"मागच्या टॉवरवर तर याच फोनने दोन्ही धरले होते," इन्चार्ज म्हणाला.

"याच?" पक्कडने बाईंकडे पाहिलं.

बाईंची बोटं लॅपटॉपवर थांबली. "हा नाही," त्या म्हणाल्या. "तो परवा माझ्या हातून पडला. काच फुटली. हा मी दुकानातून आणला. नाव तेच, रंग तोच. सांगायचं राहून गेलं."

राहून गेलं नव्हतं, हे तिघांनाही कळलं.

पक्कडने खिशातून दोन बोल्ट काढून त्यांच्यापुढे ठेवले. जाडी एक, लांबी एक. एकाच्या डोक्यावर मजबुतीचा आकडा आठ पॉइंट आठ, दुसऱ्याच्या चार पॉइंट सहा. "दिसायला जुळे भाऊ. पण एकावर अँटेना लटकतो, दुसऱ्यावर फार तर घरातली फळी. मी डोकं वाचल्याशिवाय बोल्ट घेत नाही. तुमच्या फोनला डोकं कुठे असतं?"

बाईंनी पिशवीतून फुटलेला फोन काढला आणि दोन्ही फोन पालथे केले. पाठीवर मॉडेल नंबरची मुंगीएवढी अक्षरं. पहिली पाच सारखी. शेवटचे दोन आकडे वेगळे.

मग त्यांनी नोंदी उघडल्या. फोन जोडला जातो तेव्हा तो टॉवरला यादी देतो: मी कोणते बँड ऐकतो आणि कोणते जोडीने ऐकू शकतो. जोडी यादीत नसेल तर टॉवर दुसरा बँड देतच नाही. नव्या फोनच्या यादीत दोन्ही बँड सुटे होते. त्यांची जोडी नव्हती.

"दोन्ही एकदम ऐकायला आत तशी यंत्रणा लागते," बाई म्हणाल्या, "आणि बनवणाऱ्याने ती या जोडीसाठी चालू ठेवावी लागते. हा दुसऱ्या बाजारासाठी बनवलेला दिसतो. तिथे वेगळ्या जोड्या."

"यादीवर सही होत नाही," इन्चार्ज म्हणाला. "मला आकडा हवा. पावणेपाचपर्यंत दाखवा, नाहीतर पक्कड वर."

फुटलेला फोन बाईंजवळच होता. पडदा काळा, स्पर्श मेलेला, पण लॅपटॉपवरून चालवता आला असता. सिम त्यात घातलं. बॅटरी मात्र संपलेली. चार्जरला लावून तिघं वाट पाहत बसले. वाऱ्याचा आकडा मर्यादेच्या जरा खाली नाचत होता. पक्कडने हार्नेसचे पट्टे पुन्हा ताणले. चढावं लागलं तर सैल नकोत.

चार चाळीसला फोन जागा झाला.

डाउनलोड सुरू झालं. पडद्यावर जुन्या बँडची एकच ओळ. एकोणचाळीस. इन्चार्जने हेल्मेट उचलून पक्कडपुढे धरलं. पक्कडने ते घेतलं.

तेवढ्यात खाली दुसरी ओळ उगवली. नवा बँड. सत्तर. एकशेअकरा. एकशेसत्तावीस. बेरीज तिथेच राहिली.

"पुन्हा घ्या," पक्कड म्हणाला.

"पुन्हा कशाला? झालं की."

"एकदा मोजलेलं मी मानत नाही."

दुसऱ्यांदा एकशेपंचवीस आला. इन्चार्जने अहवालातली 'केबलचं काम पुन्हा' ही ओळ खोडली. त्या जागी काय लिहायचं, म्हणून तो थांबला. बाईंनी पेन मागून घेतलं आणि स्वतःच लिहिलं: चाचणीचा फोन न कळवता बदलला होता. खाली सही केली.

"आणि माझा फोन?" इन्चार्जने विचारलं.

"तो जुना आहे, साहेब. त्याला जोडीने ऐकताच येत नाही. टॉवरखाली उभे राहिलात तरी एकच बँड मिळणार," बाई म्हणाल्या.

"हे आधी सांगायचं होतं."

"तुम्ही विचारलं नाहीत. खोटं बोलतो का, एवढंच विचारलंत."

पक्कडने हार्नेस उतरवला. चार पॉइंट सहाचा बोल्ट बाईंना दिला. "पिशवीत असू द्या."

मग त्याने खिशातला उंचीचा पास चाचपला आणि दोर गुंडाळायला बसला. गाठी न पडता, हातभर हातभर, घाई न करता. पाच वाजले तेव्हा वारा मर्यादेच्या वर गेला होता.