शेवटच्या आळ्यातलं पाणी

नत्थुजी माळ्याला आपल्या चुलतभावाच्या, देवीदासच्या, मिशीचासुद्धा हेवा वाटायचा. देवीदास दहा-बारा वर्षांनी धाकटा. भातकुलीच्या वाटेवर दोघांचे मळे बांधाला बांध लावून. देवीदासच्या मळ्यात वांगं आधी आलं तर नत्थुजीला रात्री जेवण जात नसे, आणि त्याच वांग्याला कीड लागली की दोन भाकरी जास्त जात. माणूस वाईट नव्हता. कष्टाला वाघ होता. पण डोळे सदा बांधापलीकडे.

ते कापसाचे दिवस होते. सातासमुद्रापलीकडं कुठलीशी लढाई लागली आणि वऱ्हाडातला कापूस सोन्याच्या भावानं जाऊ लागला. काल ज्याच्या पायात वहाण नव्हती तो आज अमरावतीत माडी चढवत होता. वामनराव कापसाचे दलाल, त्यांनीही बडनेऱ्याच्या रस्त्याला बंगली बांधली. बंगली झाली तशी बाग हवी. पुढं मोगरा, शेवंती, गुलाब. मागं लिंबू, पेरू, डाळिंब. पुढची बाग त्यांनी देवीदासला दिली, मागची नत्थुजीला.

"कावून वं, पुढची त्याले अन् मागची मले?" घरी येऊन नत्थुजीनं बायकोला, सुभद्राला विचारलं, जणू बाग तिनंच वाटून दिली होती.

"फुलं त्याले येतात, फळं तुमाले येतात," सुभद्रा म्हणाली. "त्यात काय रुसाचं?"

"रस्त्यावरून जाणाऱ्याले पुढचं दिसते. मागचं कोण पाह्यते? बकऱ्या."

वामनराव हुशार माणूस. त्या दिवसांत मजूर, गवंडी, सुतार, जो तो विसार घेऊन पळून जायचा, कारण दुसरीकडं जास्त मिळायचं. म्हणून त्यांनी दोघांना ओसरीवर बसवून बोली केली. कामाचे तीन टप्पे. पहिला, जमीन तयार, खड्डे तयार, विहिरीपासून पाट शेवटपर्यंत. दुसरा, रोपं लावून ती धरलेली. तिसरा, उन्हाळा काढून ती जिवंत. टप्पा झाला की मालकाला बोलवायचं. मोट सुरू करायची, पाणी सोडायचं, आणि मालकानं चालत जाऊन सगळ्यांत शेवटच्या आळ्यात हात धुवायचे. हात धुऊन "पसंत" म्हटलं, की मगच त्या टप्प्याचा मागणीचा कागद मुनीमाकडं द्यायचा, आणि बाजाराच्या दिवशी पैसे घ्यायचे. पसंत नसेल तर आपल्या खर्चानं नीट करून द्यायचं. अन् आधीचा टप्पा पसंत झाल्याशिवाय पुढच्याला हात लावायचा नाही.

"मी नाही म्हणालो तर कागद नाही. पण एकदा हो म्हणालो की मला पैसे अडवता येणार नाहीत," वामनराव म्हणाले. "दोरी दोघांच्या हाती आहे."

देवीदासनं मान डोलावली. नत्थुजीनंही डोलावली, पण त्याच्या कानात "पसंत" हा शब्द शिरलाच नाही. त्याच्या डोळ्यांसमोर बाजाराचा दिवस होता.

देवीदासनं आधी काय केलं, तर एक परात पाण्यानं काठोकाठ भरली आणि फळीवर ठेवून पाटाच्या वाटेनं हात-हात सरकवत नेली. पाणी ज्या काठानं सांडेल तिकडं उतार. नत्थुजी हे पाहून हसला.

"घरातली परात लग्नाले ठेव, लेका. माळ्याचा डोळाच उतार सांगते."

"तुमचा डोळा मोठा हाय, दादा," देवीदास म्हणाला. "माहा लहान हाय, बाप्पा."

नत्थुजीला ते लागलं. आपलं बोलणं खरं मानून दिलेलं उत्तर होतं की टोमणा, हे त्याला आयुष्यभर कळलं नाही.

फुलांचे वाफे लवकर उरकतात. वामनराव आले, पुढच्या शेवटच्या वाफ्यात हात धुतले, "पसंत" म्हणाले. बाजाराचाच दिवस होता, देवीदासचा कागद गेला. त्याच दुपारी नत्थुजीनं बाजारातल्या कारकुनाकडून आपलाही कागद लिहून घेतला आणि मुनीमाच्या पुढ्यात टाकला. मुनीमानं वाचला आणि परत त्याच्या मांडीवर ठेवला.

"मालकांनी हात कधी धुतले?"

"धुतीन ना. खड्डे झाले, पाट झाला. काम झालं म्हणजे झालं."

"झालं ते तुमच्या लेखी. आमच्या लेखी अजून पाणी पोचायचं आहे," मुनीम म्हणाला. "पसंतीआधीचा कागद हा कागद नाही, नत्थुजी. चिलीम पेटवायला चालेल."

गादीवर चार-पाच माणसं बसली होती. हसली. त्यांतच देवीदास पैसे घ्यायला आलेला. तो हसला नाही, आणि नत्थुजीला तेच जास्त झोंबलं.

वामनरावांना बोलवावं तर ते सौद्यासाठी अकोल्याला गेलेले. मालक गावात नाही म्हणजे पसंती नाही, पसंती नाही म्हणजे कागद नाही. इकडं देवीदासची बायको जमुना हातात रुप्याच्या नव्या पाटल्या घालून विहिरीवर आली. ती सुभद्राला आपण होऊन म्हणाली, "पाहा ना जाऊबाई, सैल झाल्या." नत्थुजीला ते ऐकू आलं. त्याला वाटलं, सैल मुद्दाम म्हणाली.

मालक येईतो त्यानं पाट चालवून पाहिला. पाणी अर्ध्यापर्यंत झकास गेलं. पुढं पेरूच्या ओळीपाशी जमीन किंचित वर होती, डोळ्याला न दिसणारी. तिथं ते थबकलं, पसरलं आणि काळी माती ते गटागट प्यायली. शेवटच्या तीन ओळी कोरड्या. पाट तिथून खोल घ्यायचा तर निम्मा पुन्हा खणावा लागणार. तेवढ्यात देवीदास दुसऱ्या टप्प्याची रोपं लावायला लागला असता.

वामनराव आले त्या सकाळी नत्थुजीनं सुभद्राला आणि तिच्याबरोबर भावकीतल्या मैनाबाई, वच्छला यांना उजाडायच्या आत कामाला लावलं. विहिरीपासून शेवटच्या आळ्यांपर्यंत घागरीवर घागर. मालक पोचेतो आळी डबडबलेली, बाया घरी. मोट सुरू झाली, पाटात पाणी खळखळलं. वामनराव गप्पा मारत कडेकडेनं गेले आणि शेवटच्या आळ्यात वाकून हात धुतले.

"पसंत."

पुढच्या बागेत देवीदास उभा होता. त्याची नजर पायवाटेवरच्या सांडलेल्या पाण्याच्या ओल्या ठिपक्यांवरून सरकत गेली. मग तो आपल्या वाफ्याकडं वळला.

कागद गेला. पैसे आले. नत्थुजीनं सुभद्राला पाटल्या घेतल्या, जमुनेच्या होत्या त्याहून रुंद. तिनं मागितल्या नव्हत्या.

आषाढात रोपं लागली. पावसानं सगळ्यांचीच आळी भरली, त्याला उंचवटा माहीत नसतो. श्रावण-भादव्यात फुटवे आले, वामनरावांनी पुन्हा हात धुतले, दोघांचा दुसरा टप्पा एकाच दिवशी पसंत झाला. नत्थुजी त्या दिवशी गावभर सांगत फिरला की दोघांचा एकाच दिवशी झाला. देवीदासनं कोणाला सांगितलं नाही, म्हणून यानं दोनदा सांगितलं.

माघ सरला आणि मातीला भेगा पडल्या. शेवटच्या तीन ओळींची पानं वळायला लागली. सगळ्यांत मोठी रक्कम तिसऱ्या टप्प्यावर होती, आणि झाडं जगली नाहीत तर मालक त्या आळ्यात हात धुणार नव्हता. आता पाटात चूक आहे असं तोंडानं म्हणायचं कसं? तो टप्पा तर पसंत झालेला, पैसे खर्चलेले. मग पुन्हा घागरी. पहिल्या दिवशी नत्थुजीनं स्वतः आणल्या. मग त्याला मोटेवर काम निघालं, मग बाजारात. घागरी सुभद्राच्या डोक्यावर राहिल्या. मैनाबाई, वच्छला रोज फुकट कशाला येतील? ती एकटीच वाहत होती, हातात त्या रुंद पाटल्या. घागर उचलताना त्या घागरीला लागून आवाज करत. पुढच्या बागेत देवीदासचा मोगरा पाटाच्या पाण्यावर कळ्या धरत होता.

एका सकाळी सुभद्रानं घागर वाटेतच ठेवली आणि तिच्यावर हात ठेवून उभी राहिली.

"चाल ना. कावून थांबली?" नत्थुजी म्हणाला.

"मी नाही आणत."

"पाण्यावाचून मरतीन झाडं."

"मरू द्या. पसंत मालकानं केलं, अन् तो टप्पा माह्या डोक्यावर चालून राहिला. कागद तुमी दिला, पैसे तुमी घेतले. पाणी मी आणू? पाट कशाले खणला मग?"

"हळू बोल. तो ऐकून राहिला."

"कोण? देवीदास भाऊजी?" सुभद्रा म्हणाली. "त्याहीनं त्याच दिवशी पाह्यलं होतं, जमुनाच बोलली मले. बोलले असते तर तुमचं नाक गेलं असतं. तुमचं सगळं ध्यान त्याच्या मिशीकडं, माह्या मानेकडं कधी पाह्यलं?"

तिनं पाटल्या उतरवल्या, घागरीपाशी ठेवल्या आणि घरी निघून गेली.

नत्थुजी त्या घागरीजवळ बराच वेळ बसला. डोक्यात सुभद्राची मान नव्हती, हे मला सांगायला लाज वाटते पण खरं आहे. डोक्यात हे होतं की देवीदासला सगळं माहीत होतं आणि त्यानं ते वापरलं नाही. हेवा आणखी मुरायला एवढं पुरे. पण पानं वळतच होती.

दुसऱ्या दिवशी तो वामनरावांच्या ओसरीवर गेला.

"मालक, पयला टप्पा नापसंत करा."

वामनरावांनी चष्मा वर केला. "पैसे देऊन चुकलो. आता नापसंत कसा?"

"शेवटच्या आळ्यातलं पाणी पाटाचं नव्हतं. घागरीचं होतं."

वामनरावांनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाले, "पैसे परत मागत नाही. पण पाट तुझ्या खर्चानं खोल कर. खोल करताना जेवढी झाडं जातील तेवढी नवी लाव. ती धरली, पाटाच्या पाण्यावर जगली, की मग तिसऱ्याचा कागद. तोवर नाही. अन् या वेळी पाणी शिरताना मी तिथंच उभा राहीन."

म्हणजे तिसरा कागद देवीदासच्या कागदापेक्षा पुरं एक वर्ष मागं. नत्थुजीला हे झाडं गेल्यापेक्षा जड गेलं.

सर्वांत कठीण पुढंच होतं. तो देवीदासच्या मळ्याच्या बांधावर उभा राहिला, खाकरला.

"तुह्यावाली परात दे."

देवीदासनं परात आणली. स्वतःच भरायला लागला.

"मले येते," नत्थुजी म्हणाला. मग फळी उचलून, "दुसरं टोक धर."

पेरूची निम्मी ओळ उपटली. उंचवटा फोडला, पाट खोल गेला. वैशाख सरता सरता वामनरावांनी पुढच्या बागेत हात धुतले, देवीदासचा तिसरा कागद गेला, आणि जमुनेच्या नाकात नवी नथ आली. नत्थुजीनं नथ पाहिली. पाहिली आणि पुन्हा फावडं उचललं.

पाऊस आला, गेला. नवी झाडं धरली. पुढचा उन्हाळा पाटानं काढला. वामनराव यायच्या आदल्या दिवशी नत्थुजीनं मोट सुरू केली आणि सुभद्राला बोलावलं. घागर आणू नको म्हणाला. ती शेवटच्या आळ्यापाशी उभी राहिली. पाणी पाटातून आलं, उंचवट्याच्या जागेवर न थांबता आलं, आळ्यात शिरलं. सुभद्रानं वाकून हात धुतले, मग तोंड धुतलं, मग पदरानं मान पुसली.

"पसंत?" नत्थुजीनं विचारलं.

"पाट पसंत हाय," ती म्हणाली. "तुमचं नंतर पाहू."

तो हसला. मग त्याची नजर सवयीनं पुढच्या बागेकडं गेली. देवीदासचा मोगरा पांढरा झाला होता.

"लेकाचा बहर पाह्य कसा," तो म्हणाला, आणि मोटेचे बैल सोडायला गेला.