बंद वॉर्डात वाजलेला फोन

सुरतच्या रुग्णालयात मी मेडिसिनची निवासी डॉक्टर होते, तेव्हाची गोष्ट. शहरातल्या बमरोली भागात राहणारा, मूळचा खानदेशातला एक लूम कामगार आमच्या वॉर्डात दगावला. किडनीचा जुना आजार, दोनदा चुकलेलं डायलिसिस, हातापायांत अशक्तपणा. रक्तात पोटॅशियम फार वाढलं होतं. ते कळून औषध देईपर्यंत हृदय थांबलं. मृत्यूंवरच्या मासिक बैठकीत ही केस मांडायचं काम माझ्याकडे आलं.

केसपेपर घेऊन बसले, तेव्हा त्या दिवशी ड्यूटीवर असलेल्या सिस्टर शेजारी येऊन उभ्या राहिल्या. धुळ्याकडच्या, आम्हा सगळ्यांना डबा खाऊ घालणाऱ्या. हळूच म्हणाल्या, "बेटा, तठे मन्हं नाव ऱ्हाई का?"

"कुणाचंच नाव नसणार," मी म्हटलं. पण पहिल्या स्लाइडवर मी 'रिपोर्ट वेळेत पाहिला गेला नाही' असं लिहिलंच होतं.

आमच्या विभागप्रमुख मॅडमनी ते वाचून चष्मा काढला. "हे वाक्य बोट दाखवतंय गं. का पाहिला गेला नाही? आणि त्या क्षणी वॉर्डातल्या माणसांना काय माहीत होतं, तेवढंच धरून लिही. शेवट आपल्याला आज ठाऊक आहे, त्यांना नव्हता."

मग मी लॅबमध्ये गेले. तिथला टेक्निशियन बिचारा आधीच धास्तावलेला. "मॅडम, मी फोन केला होता. वाजत राहिला, कोणी उचललाच नाही." त्याने लावलेला नंबर आमच्या जुन्या वॉर्डाचा होता. दुरुस्तीसाठी वॉर्ड दुसऱ्या मजल्यावर हलला, पण लॅबला नवा नंबर कळवायचं काम कुणाचंच नव्हतं. ईसीजी मशीनही दोन वॉर्डांत मिळून एकच. ते तेव्हा पलीकडे होतं. ईसीजी निघाला असता, तर त्यातल्या बदलांवरून कदाचित रिपोर्टआधीच पोटॅशियमचा संशय आला असता. त्या दुपारी सिस्टर एकट्याच दोघींच्या वाटचे पेशंट सांभाळत होत्या.

पहिली स्लाइड मी पुसली आणि हा क्रम जसा घडला तसा मांडला.

बैठकीत एका सरांनी विचारलंच, "ड्यूटीवर कोण होतं?"

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "सर, तुम्ही असता तरी फोन बंद वॉर्डातच वाजला असता."

त्यावर मागून सिस्टर स्वतःच उठल्या. "मी होते. मशीन मागायला माणूस पाठवला होता, तो मशीन मोकळं व्हायची वाट पाहत तिकडेच थांबून राहिला." मी तेही क्रमात लिहून घेतलं.

ठरलं ते असं: धोक्याचा रिपोर्ट लॅबने ड्यूटी डॉक्टरच्या मोबाइलवर सांगायचा, ऐकणाऱ्याने आकडा परत म्हणून दाखवायचा, वॉर्ड हलला की नंबर कळवायची जबाबदारी कार्यालयाची, आमच्या वॉर्डाला स्वतंत्र ईसीजी मशीन. प्रत्येक कामापुढे जबाबदार पद आणि मुदत लिहिली.

मॅडम त्या कामगाराच्या बायकोला आधी भेटल्या होत्याच. काय चुकलं ते तिला सांगितलं होतं. बैठकीनंतर तिला पुन्हा बोलावलं, आणि या वेळी सिस्टरांना सोबत घेतलं. अहिराणीत सगळं समजावून सांगताना सिस्टरांनी तिचा हात धरून ठेवला होता. बाई बराच वेळ रडली. मग म्हणाली, "आता दुसऱ्याचं तरी असं होऊ देऊ नका."

सिस्टर तिला रिक्षापर्यंत सोडायला गेल्या.