चार पानांची नोंद

माझा स्वभाव संशयी आहे, हे मी आधीच कबूल करतो. कोराडीच्या वीज केंद्रात मी पाळीचा ऑपरेटर होतो, आणि तिथं संशय हा दुर्गुण धरला जात नसे. दर तासाला मीटरसमोर उभं राहून आकडा बघायचा आणि लॉगशीटवर लिहायचा, असा नियम होता. नवी पोरं खुर्चीत बसल्या बसल्या आठ तासांचे आकडे एकदम भरून टाकत. मी शीट हातात घेतली की शाईवरूनच ओळखायचो. आठही ओळी एकाच दमात लिहिलेल्या असल्या की त्या पोराची खैर नसे.

मुलगी सहा वर्षांची झाली, कॉलनीच्या शाळेत पहिलीत बसू लागली. एकदा तिच्या बाईंनी मला बोलावून घेतलं. म्हणाल्या, "रोज झोपायच्या आधी पोरीसोबत पुस्तक वाचत जा. पंधरा मिनिटं पुरे. पण रोज." आणि हसल्या. बाई का हसल्या, हा पहिला संशय. आपलं काम आमच्या गळ्यात घालताहेत, असं मला वाटलं. तरीही रविवारी बसनं सीताबर्डीला गेलो, दुकानात उभ्यानंच पानं मोजली, कुठलं पान गहाळ नाही याची खात्री केली आणि मग एक चित्रांचं पुस्तक घेतलं. गळ्यात घालायला घंटा हवी म्हणून एक शेळी एकटीच बाजाराला निघते, अशी गोष्ट होती.

पहिले आठ-दहा दिवस झकास गेले. साडेआठला जेवणं उरकली की मी वाचायचो आणि ती माझ्या दंडावर डोकं टेकून चित्रं बघायची. रोज तीच शेळी. दुसरी कुठली गोष्ट सांगतो म्हटलं तर तिचं एकच, "नाई, हेच." मी कंटाळलो, ती कंटाळेना. मग एका संध्याकाळी तिनं पुस्तक माझ्या हातातून घेतलं आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत घडाघडा म्हणून दाखवलं. कुठंही अडखळली नाही. दुसऱ्या बापानं पोरीला उचलून घेतलं असतं. मला मात्र लॉगशीट आठवली.

मी पुस्तकातलं चित्र हातानं झाकलं आणि विचारलं, "ह्या ओळीत बाजार कुठं लिहिलं आहे? बोट ठेव."

तिनं भलत्याच ठिकाणी बोट ठेवलं.

"म्हणजे तू वाचून नाही राहिली. पाठ करून म्हणून राहिली," मी म्हणालो. चोर पकडल्यावर माणूस बोलतो ना, त्या आवाजात म्हणालो. आपण काय चोरलं, हे तिला समजतच नव्हतं.

त्यानंतर रोज तपासणी सुरू झाली. पान मधूनच उघडायचं, शब्द दाखवायचा, हा कोणता, तो कोणता. शेळी कोणाला भेटली, किती जणांना भेटली, आधी कोणाला. उत्तर चुकलं की पान पुन्हा पहिल्यापासून. आपण पोरीला पक्की वाचक करतो आहोत, अशी माझी मनापासून समजूत होती.

पण माझ्या पाळ्या बदलत्या. पहिली आणि तिसरी पाळी असली की साडेआठला मी घरी सापडायचो. दुसरी पाळी दुपारी दोन ते रात्री दहा, म्हणजे तो आठवडा वाचायचं काम बायकोकडे. ती सातवी शिकलेली, ओळीखाली बोट फिरवत सावकाश वाचणारी. तिच्यावर भरवसा ठेवायला मन धजेना. म्हणून मी चक्क एक शीट आखली. तारीख, वेळ, किती पानं, सही. स्वयंपाकघराच्या दाराला खिळ्यावर टांगली आणि बायकोला बजावलं, "रोज चार पानं. वाचून झाली की लगेच भरायचं."

ती म्हणाली, "पोरीले मीटर बसवलं म्हणा की."

"नियम म्हणजे नियम."

दुसऱ्या पाळीचा पहिला आठवडा संपला तेव्हा शीट पाहिली. सोमवार चार, मंगळवार चार, बुधवार चार. शनिवारपर्यंत चारच. माझ्या मस्तकात तिडीक गेली. सहा दिवसांत एकदाही तीन नाहीत, एकदाही पाच नाहीत? पोर कधी पेंगली नाही, कधी हटून बसली नाही? असला सपाट आकडा खुर्चीत बसून लिहिलेला असतो, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. वर शाई सहाही ओळींना सारखीच. माझी खात्री पटली की या दोघी दिवे मालवून खुशाल झोपतात आणि आठवड्याची शीट शनिवारी भरतात.

माझ्या आठवड्यात तर भलतंच चालू होतं. मी पुस्तक घेऊन बसायचो तोवर पोरगी झोपलेली. साडेआठ म्हणजे तिच्यासाठी काही फार उशीर नव्हता. मी मनात म्हणायचो, हिच्या आईनं सवय मोडली. रोज वाचन झालं असतं तर पोर अशी आडवी झाली नसती. सगळ्याची जबाबदारी बायकोवर ढकलून मी मोकळा व्हायचो.

पुढच्या दुसऱ्या पाळीला मी ठरवलं, रंगेहाथ पकडायचं. गुरुवारी सोबतच्याला पोट दुखतं म्हणून सांगितलं आणि सव्वाआठला सायकल काढली. खोटं बोलणाऱ्यांचा मला भारी राग, पण त्या दिवशी ते सुचलंही नाही. सायकल शेजारच्या क्वार्टरच्या भिंतीला लावली आणि आमच्या खिडकीशी जाऊन उभा राहिलो. थंडीचे दिवस होते. खिडकीचं एक दार लोटलेलं, एक उघडं. दिवा लागलेला होता.

बायको भिंतीला टेकून बसली होती, पोरगी तिच्या मांडीत, दोघींवर मिळून एक गोधडी. गुडघ्यांवर पुस्तक. ते शेळीचं नव्हतं. शेजारी आणखी दोन पडली होती. मुखपृष्ठावर पोरीच्या शाळेचा शिक्का दिव्यात स्पष्ट दिसत होता.

बायको एक ओळ वाचायची, बोट फिरवत. पुढची ओळ पोरगी म्हणायची. अडली की बायको लगेच सांगून टाकायची आणि पुढं जायची, जसं काही झालंच नाही. एका पानावर दोघी कितीतरी वेळ थांबल्या. चित्रात एक माणूस झाडावर चढून बसला होता.

"हा काहून चढला असन वं?" बायकोनं विचारलं.

"त्याची बायको रागावली असन," पोरगी म्हणाली, आणि दोघी खो खो हसल्या. मग तिनं स्वतःच पान उलटलं, मागचं पान पुन्हा उघडून काहीतरी ताडून पाहिलं, आणि ओरडली, "नाई वं आई! खाली कुत्रा हाय! हे पाय, शेपटी दिसून राहिली!"

मी उभाच. एक पुस्तक संपलं, दुसरं सुरू झालं. पानं मी मोजत होतो, सवयच ती. एकवीस झाली होती.

मग बायको म्हणाली, "चाल, आता झोप. बाबाची शीट भरायची हाय. किती लिहू?"

"चारच लिही," पोरगी म्हणाली. "जास्त लिहिलं तर बाबा जास्त विचारतीन."

शीट खोटी होती. तेवढ्यापुरता माझा संशय शंभर टक्के खरा निघाला होता. इतकी वर्षं मी न केलेलं लिहिणारे पकडले होते. केलेलं लपवणारं कोणी माझ्या शीटवर येईल, हे ध्यानीमनी नव्हतं.

मी दार लोटून आत गेलो. पोरीनं मला पाहिलं आणि पुस्तक गोधडीखाली सरकवून डोळे गच्च मिटले. इतके गच्च की पापण्या थरथरत होत्या. आणि तेव्हा मला कळलं की माझ्या आठवड्यात साडेआठला तिला झोप का लागत होती.

स्वयंपाकघरात बायकोला विचारलं, "मले काहून नाही सांगितलं?"

"सांगून काय केलं असतं? शाळेच्या बाईकडून पुस्तकं आणतो म्हटलं असतं तर त्याचीबी शीट झाली असती." मग ती थोडी खालच्या आवाजात म्हणाली, "तुमची पाळी बदलायच्या दिवशी ती मले सकाळपासून विचारते, आज बाबा घरी हायेत का म्हणून. आधी वाटलं, आठवण येऊन राहिली."



शीट मी त्याच वेळी काढली. पण शीट काढून काही होत नाही. पुढच्या आठवड्यात पहिल्या पाळीहून येऊन, जेवून मी पलंगावर बसलो, तर ती झोपेचं सोंग न घेता शहाण्यासारखी शेळीचं पुस्तक घेऊन आली आणि म्हणाली, "कोणतं पान विचारता?"

"काहीच नाही विचारत. मीच वाचतो."

तिचा विश्वास बसला नाही. मी वाचत होतो आणि ती पुस्तकाकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत होती, आता विचारतील, मग विचारतील. पान उलटताना माझा हात थांबला की तिचं अंग आखडायचं. संशय म्हणजे काय हे मला वाटायचं मलाच ठाऊक. आता तो माझ्यावर रोखलेला होता, आणि बाजू मांडायला माझ्याजवळ काहीच नव्हतं. रोज साडेआठला बसायचं, वाचायचं, गप्प उठायचं, एवढंच हातात होतं. चित्रातल्या शेळीचे आवाज काढून बघितले, तेही मला जमेनात.

तो आठवडा तसाच गेला. तिसऱ्या पाळीच्या आठवड्यात, ड्युटीला निघायच्या आधी मी वाचत असताना एक दिवस ती मध्येच म्हणाली, "बाबा, शेळी अशी नाई बोलत." आणि तिनं बोलून दाखवलं. दुसऱ्या दिवशी डोकं पुन्हा दंडावर आलं. मी हललो नाही, दंडाला मुंग्या आल्या तरी.

मग एका बुधवारी ती शाळेच्या शिक्क्याचं पुस्तक घेऊन आली. मी कधी न पाहिलेलं. स्वतःच वाचायला लागली, बोट फिरवत, आईसारखं. एका ठिकाणी चुकली. माझ्या जिभेवर शब्द आला होता, मी दात आवळले. ती पुढं गेली, थबकली, कपाळाला आठी घातली. वाक्य तिचं तिलाच पटेना. मग परत मागं येऊन तिनं ते बरोबर वाचलं आणि काहीच झालं नसल्यासारखी पुढं निघाली. माझे डोळे भरून आले, ते मी चष्मा पुसायच्या निमित्तानं निभावून नेलं.

अर्ध्या गोष्टीत तिनं पुस्तक मिटलं. एक मुलगी विहिरीत वाकून बघते आहे आणि आतून कोणीतरी तिला हाक मारतं, इथपर्यंत आलो होतो.

"पुढं काय होते, तुम्हाले माहीत हाय का?" तिनं विचारलं.

"नाही."

"खरंच नाई?"

"खरंच नाही."

तिनं माझा चेहरा नीट तपासला. मग म्हणाली, "मंग विचारा ना."

आजवर तिला मी शेकडो प्रश्न विचारले होते, आणि प्रत्येकाचं उत्तर मला आधीच ठाऊक होतं. ठाऊक नसलेलं असं मी तिला पहिल्यांदाच विचारलं, "विहिरीत कोण हाय वं?"

"आज नाई," ती म्हणाली आणि गोधडी ओढून घेतली. "उद्या साडेआठले या."