बिनविरोध

सिस्टर हॉस्पिटलच्या नोकरीतून निवृत्त झाल्या, तरी सोसायटीत त्यांना सगळे सिस्टरच म्हणत. सेक्रेटरींच्या आईचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून दुपारी वर जाऊन त्यांना वॉकरवर चालवायचं काम सिस्टरनी आपणहून अंगावर घेतलं होतं. म्हातारी तोंडाची फटकळ, पण सिस्टर दिसल्या की चेहरा उजळायचा.

यंदा कमिटीच्या निवडणुकीला उभं राहायचं, असं सिस्टरनी मनाशी ठरवलं होतं. पण एक दिवस लिफ्टशेजारी कागद लागला : नवी कमिटी बिनविरोध निवडून आली. ना निवडणुकीची नोटीस, ना अर्ज मागवलेले.

त्यांनी सेक्रेटरींना विचारलं. ते हसले. "अहो सिस्टर, कोण उभं राहतंय? म्हटलं, उगाच कशाला घोळ!"

"मी राहणार होते ना."

त्यांनी सोसायटीला लेखी विचारलं. उत्तर आलं नाही. मग सहकार खात्याच्या उपनिबंधकांच्या नावे तक्रारअर्ज लिहिला. पण तो देण्याआधी त्या वर गेल्या. ज्या घरात रोज चहा पितो, त्या घराला अंधारात ठेवणं त्यांना जमेना.

आईंनी अर्ज वाचून घेतला. "फ्लॅटवर पहिलं नाव माझं, मुलाचं दुसरं. सभासद मी. सही कुठे करू?"

"नको आई. घरात वाद होतील. माझी एकटीची पुरे आहे."

"मग मला कशाला सांगितलंस?"

"तुमच्यापासून लपवून तुमचा हात कसा धरू?"

म्हातारीनं अर्जाची घडी घालून तो परत दिला. "दे जा."

सोसायटीला सुनावणीची नोटीस आली, त्या दुपारी सिस्टर बराच वेळ जिन्यात उभ्या होत्या. शेवटी बेल वाजवली. दार सेक्रेटरींनीच उघडलं. नजर चुकवत ते बाजूला झाले. "आई वाट बघतेय."

सुनावणीत उपनिबंधकांनी निवडणुकीचा कार्यक्रम, मतदारयादी, नोटीस दिल्याच्या पोचपावत्या मागितल्या. सेक्रेटरींनी फक्त सभेचं इतिवृत्त पुढे केलं. जुन्या कमिटीची मुदत केव्हाच संपली होती. आदेश निघाला : प्राधिकृत अधिकारी नेमला जाईल, कारभार तो बघेल आणि रीतसर निवडणूक घेईल.

बाहेर सेक्रेटरी म्हणाले, "पैसे नाही खाल्ले हो मी."

"तसं मी लिहिलेलंच नाही. आळस केलात, एवढंच."

ते कसंनुसं हसले. "रिक्षा बोलावतो. बरोबरच जाऊ."

मतदान झालं. सेक्रेटरी निवडून आले, सिस्टर थोडक्यात पडल्या. वाईट वाटलं, नाही असं नाही. पण यादीत नाव छापलेलं, लोकांनी येऊन मतं दिलेली, यानं मन शांतही झालं.

दुसऱ्या दिवशी आई फुरंगटून बसल्या होत्या. "मी तुलाच दिलं हो मत."

"आणि मुलाला?"

"त्यालाही दिलं. एकच द्यायचं नव्हतं काही!" म्हातारीनं वॉकर पुढे ओढला. "चल, धर आता. तुझ्या त्या राजकारणापायी माझं चालणं राहिलंय."